नारिंगी दोन, पांढरे तीन : चार्जिंगचा दिवा बिघाडाचा कोड म्हणून कसा वाचायचा

लॅपटॉपचं बटण दाबलं, स्क्रीन काळीच राहिली आणि बॅटरीचा छोटा दिवा नारिंगी लुकलुकायला लागला, की बहुतेक लोक नवीन चार्जर मागवतात. तरी फरक पडला नाही तर नवीन बॅटरी येते. दोन्हीचे पैसे गेल्यावरही दिवा तसाच लुकलुकत राहतो, कारण बऱ्याचदा तो बॅटरीबद्दल काही सांगतच नसतो. त्याच दिव्यातून मदरबोर्ड सांगत असतो की त्याला रॅम सापडत नाही.

म्हणून रंग बघण्याआधी एक प्रश्न विचारायचा : हा दिवा आत्ता कोणाबद्दल बोलतोय? चार्जरबद्दल, बॅटरीबद्दल की मशीनबद्दल? याचं उत्तर मिळालं की अर्धं काम झालं. हा लेख मुख्यतः डेलच्या लॅपटॉपबद्दल आहे, कारण तिथे एकच दिवा ही तिन्ही कामं करतो आणि त्याचे कोड कंपनीने छापलेले आहेत. पण त्याआधी ड्रिल मशीनच्या चार्जरकडे बघू. "लाल म्हणजे खराब" हा समज तिथे सगळ्यात लवकर मोडतो.

एकच लाल, तीन अर्थ

सुतारकाम, फर्निचर, एसी बसवणं अशा कामांत बॅटरीवरची ड्रिल मशीन आता सर्रास दिसतात. डिवॉल्टच्या नेहमीच्या चार्जरवर लाल दिवा लुकलुकत असेल तर बॅटरी व्यवस्थित चार्ज होत आहे. लाल स्थिर झाला की चार्जिंग पूर्ण झालं. मकिताच्या डीसी-१८-आरसी चार्जरवर लाल दिवा लुकलुकला तर अर्थ निघतो : बॅटरी गरम आहे, थांबा. बॉशच्या चार्जरवर मात्र "गरम किंवा फार थंड आहे, थांबा" हे स्थिर लाल दिवा सांगतो आणि लुकलुकणारा लाल म्हणजे खरी अडचण असते : बॅटरी नीट बसलेली नाही, संपर्क मळले आहेत किंवा बॅटरीच बिघडली आहे.

म्हणजे साइटवर तीन मिस्त्रींचे तीन चार्जर शेजारी ठेवले आणि तिन्हींवर लाल लुकलुकत असलं, तर पहिल्याचं काम सुरळीत चाललेलं असतं, दुसऱ्याने थोडं थांबायचं असतं आणि तिसऱ्याने बॅटरी काढून बघायची असते. एका कंपनीचा अनुभव दुसऱ्या कंपनीच्या चार्जरला लावला की चांगली बॅटरी भंगारात जाते. चार्जरच्या अंगावर स्टिकर असतो, त्यावर दिव्यांच्या छोट्या खुणा छापलेल्या असतात. तो सिमेंटने आणि हाताच्या घामाने पुसट होतो, म्हणून चार्जर नवा असतानाच त्याचा फोटो काढून ठेवावा.

मकिताचा हाच चार्जर जरा जवळून बघू, कारण "थांबा" आणि "बिघाड" यांतला फरक तो स्वच्छ दाखवतो. नुसता प्लग लावला की हिरवा लुकलुकतो, म्हणजे चार्जर तयार आहे. बॅटरी सरकवली की लाल स्थिर होतो, म्हणजे चार्जिंग चालू झालं. पूर्ण झालं की हिरवा स्थिर. यापलीकडे तीन इशारे आहेत.

पहिला, लाल लुकलुकणारा. नुकतीच जोरात वापरलेली किंवा उन्हात पडलेली बॅटरी लावली की हा येतो. लिथियम बॅटरीचा पॅक चार्जरला आपलं तापमान कळवत असतो आणि ते मर्यादेत येईपर्यंत चार्जर करंट सोडत नाही. लिथियम सेल साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान चार्ज करायचे असतात. मकिताने खोलीचं तापमान १० ते ४० अंश असावं असं सांगितलं आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात गच्चीवर ठेवलेली बॅटरी नुसत्या उन्हानेच या मर्यादेबाहेर जाते. अशा वेळी ती सावलीत चार्जरवर बसवून तशीच राहू द्या. या चार्जरमध्ये पंखा आहे, तो बॅटरीतून हवा खेळवतो आणि बॅटरी थंड झाली की चार्जिंग आपोआप सुरू होतं. पाण्याखाली धरणं किंवा फ्रिजमध्ये ठेवणं हे उपाय करू नयेत. आत ओल जाते किंवा दव धरतं, आणि मग खरंच बिघाड होतो.

दुसरा, लाल आणि हिरवा आळीपाळीने लुकलुकणारा. याचा अर्थ चार्जिंग शक्य नाही. मात्र कंपनीच्या सूचनांत इथे दोन कारणं दिलेली आहेत : संपर्कात धूळ बसली आहे, किंवा बॅटरी जुनी अथवा खराब झाली आहे. म्हणून आधी प्लग काढा, चार्जरच्या आणि बॅटरीच्या धातूच्या पट्ट्या कोरड्या ब्रशने साफ करा, बॅटरी टक आवाज येईपर्यंत सरकवा. तरी तोच इशारा आला तर अदलाबदल करून बघा : हीच बॅटरी दुसऱ्या चार्जरवर आणि दुसरी बॅटरी या चार्जरवर. इशारा बॅटरीबरोबर गेला तर बॅटरी खराब, चार्जरपाशीच राहिला तर चार्जर. पाच मिनिटांचं काम आहे, आणि याशिवाय काहीही विकत घेऊ नये.

तिसरा, पिवळा लुकलुकणारा. याला घाबरायचं कारण नाही. पंखा बिघडला आहे किंवा हवेच्या जाळीत भुसा अडकला आहे एवढंच तो सांगतो. चार्जिंग होत राहतं, फक्त जास्त वेळ लागतो.

एक धोकादायक उपाय मात्र बऱ्याच ठिकाणी केला जातो. महिनोन्‌महिने पडून पूर्ण उतरलेली बॅटरी चार्जर घेत नाही, म्हणून दुसऱ्या चांगल्या बॅटरीला तारांनी जोडून तिला "जागं" करतात. लिथियम सेल फार खाली उतरला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. चार्जर नकार देतो तो यासाठी. त्याला फसवू नका.

डेलच्या लॅपटॉपचे दोन दिवे

आता लॅपटॉपकडे. इथे दोन दिवे लक्षात ठेवायचे. एक अडॅप्टरवर असतो, बहुतेक गोल पिनच्या अडॅप्टरवर पिनेच्या मागच्या कड्यात. दुसरा लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या काठावर, बॅटरीचा. पहिला फक्त अडॅप्टरबद्दल सांगतो. दुसरा कधी बॅटरीबद्दल सांगतो, कधी साऱ्या मशीनबद्दल आणि काही मॉडेलांत अडॅप्टरबद्दलही. तपासणी नेहमी पहिल्यापासून सुरू करायची.

अडॅप्टर लॅपटॉपपासून सोडवा आणि नुसता भिंतीच्या सॉकेटला लावा. कड्यातला दिवा लागला का? नसेल तर दुसऱ्या सॉकेटवर बघा, मग भिंतीपासून अडॅप्टरच्या ठोकळ्यापर्यंत येणारी जाड केबल दोन्ही बाजूंनी घट्ट दाबा. ही केबल ठोकळ्यापाशी सैल होणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तरीही दिवा नाही, तर अडॅप्टर गेला.

दिवा लागला असेल तर पिन लॅपटॉपला लावा आणि दिव्याकडेच बघत राहा. पिन आत जाताक्षणी दिवा विझला, तर अडॅप्टर चांगला आहे; लॅपटॉपच्या बाजूला, चार्जिंग पोर्टमध्ये किंवा बोर्डवर शॉर्ट आहे आणि अडॅप्टरने स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडला आहे. पिन लगेच काढा. एकदा बघितलंत तेवढं पुरे. पुन्हापुन्हा लावून खात्री करत बसू नका. इथे नवीन चार्जर घेऊन काहीच साधत नाही.

दिवा लागून राहिला, लॅपटॉपही चालतोय, पण बॅटरी चार्ज होत नाही, तर पिनेच्या मधोमध असलेली बारीक सुई तपासा. डेलच्या गोल पिनमधून वीज बाहेरच्या आणि आतल्या धातूच्या भागातून जाते. मधली सुई विजेसाठी नसते. तिच्यातून अडॅप्टर लॅपटॉपला आपली ओळख सांगतो : मी डेलचा, ४५ वॉटचा किंवा ६५ वॉटचा. ही सुई वाकली किंवा तिची तार पिनेच्या मानेपाशी तुटली, तर १९.५ व्होल्ट नीट पोहोचतात, लॅपटॉप सुरू होतो, पण समोर कोण आहे हे न कळल्यामुळे तो बॅटरी चार्ज करत नाही आणि आपला वेगही कमी करतो. चालू करताना स्क्रीनवर असा मजकूर येतो :

```
The AC power adapter wattage and type cannot be determined.
The battery may not charge.
```

खात्री करायला लॅपटॉप सुरू होताना `F2` दाबत राहा आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, जा. बॅटरीच्या माहितीत `AC Adapter` ही ओळ शोधा. तिथे 65W असा आकडा दिसला तर ओळख पटली आहे. `Unknown` दिसलं तर आणखी एक ओळखीचा, चालता अडॅप्टर लावून बघा. त्याने आकडा आला तर दोष तुमच्या अडॅप्टरचा. त्यानेही `Unknown` आलं तर लॅपटॉपच्या चार्जिंग पोर्टचा. पोर्ट बऱ्याच मॉडेलांत छोट्या वायरने बोर्डला जोडलेला सुटा भाग असतो आणि तो बदलणं बॅटरी बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

डेलच्या लॅटिट्यूड मालिकेतल्या काही जुन्या मॉडेलांत हीच तक्रार बॅटरीचा दिवा सांगतो : नारिंगी आणि पांढरा आळीपाळीने लुकलुकला तर अडॅप्टर ओळखीचा नाही.

दिवा खरंच बॅटरीबद्दल बोलतो तेव्हा

डेलच्याच इन्स्पिरॉन आणि व्होस्ट्रो या मालिकांतल्या अलीकडच्या लॅपटॉपांत साधी भाषा अशी आहे : पांढरा स्थिर म्हणजे अडॅप्टर लागला आहे आणि बॅटरी चार्ज होत आहे. नारिंगी स्थिर म्हणजे बॅटरी फार उतरली आहे. अडॅप्टर लावलेला असताना दिवा बंद म्हणजे बॅटरी भरली.

या शेवटच्या खुणेवर बरेच जण फसतात. बायोसमध्ये बॅटरी चार्जिंगची पद्धत निवडता येते. तिथे `Primarily AC Use` किंवा `Custom` निवडलेलं असेल तर बॅटरी १०० टक्क्यांच्या आधीच थांबते आणि दिवा बंद होतो. ऑफिसातून मिळालेल्या लॅपटॉपांवर अशी सेटिंग पुष्कळदा आधीच केलेली असते. ८० टक्क्यांवर अडकलेली बॅटरी बदलायला निघण्याआधी ही सेटिंग `Standard` करून बघा.

लॅटिट्यूडच्या त्याच जुन्या मॉडेलांत अडॅप्टर लावलेला असताना पांढरा स्थिर राहून मधेमधे नारिंगी लुकलुकला तर बॅटरीची अडचण तात्पुरती आहे, आणि नुसता नारिंगीच सतत लुकलुकत राहिला तर बॅटरी कायमची गेली. हे सगळं लॅपटॉप चालू असताना, स्क्रीन दिसत असताना बघायचं. बॅटरीची तब्येत बघायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एवढंच टाइप करा :

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच लिहून येतं. फाइल ब्राउझरमध्ये उघडा आणि `DESIGN CAPACITY` व `FULL CHARGE CAPACITY` हे दोन आकडे बघा. समजा पहिला ४२,००० आणि दुसरा १९,००० आहे; म्हणजे बॅटरीत मूळच्या ४५ टक्केच क्षमता उरली आहे. अशी बॅटरी बदलावीच लागेल. दुसरा आकडा ३८,००० असेल तर बॅटरी ठणठणीत आहे आणि दोष अडॅप्टर, पोर्ट किंवा सेटिंगमध्ये शोधायचा.

टचपॅड वर उचलला गेला असेल, त्याचं क्लिक घट्ट झालं असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल तर कोणताही दिवा बघत बसू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि दाबून बसवण्याचा प्रयत्न न करता दुरुस्तीला द्या.

दोन आकड्यांचा कोड

आता मूळ प्रसंग : बटण दाबलं, स्क्रीन काळी, आणि बॅटरीचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकतोय. स्क्रीन येण्याआधीच मशीन अडलं, की सांगायला त्याच्याकडे हा एकच दिवा उरतो. म्हणून तो बॅटरीचं काम सोडून कोड दाखवू लागतो.

कोड दोन आकड्यांचा असतो. आधी नारिंगी ठरावीक वेळा लुकलुकतो, थोडा थांबतो, मग पांढरा ठरावीक वेळा लुकलुकतो. त्यानंतर मोठा थांबा, आणि पुन्हा तेच. लॅपटॉप बंद करेपर्यंत हे चालू राहतं. नारिंगीची संख्या हा पहिला आकडा, पांढऱ्याची संख्या हा दुसरा.

मोजताना एक चूक हमखास होते. मधूनच मोजायला सुरुवात केली तर आधी पांढरे तीन दिसतात, मग नारिंगी दोन, आणि माणूस लिहून ठेवतो "३-२". प्रत्यक्षात कोड असतो २-३. दोन्हींचे अर्थ अगदी वेगळे आहेत : २-३ म्हणजे रॅम सापडत नाही, ती बसवून बघणं हे घरचं काम, ३-२ म्हणजे ग्राफिक्सच्या बाजूचा बिघाड, तो बोर्डपर्यंत जातो. म्हणून नियम असा : नारिंगी नेहमी पहिला, तुम्ही केव्हाही बघायला लागलात तरी. त्याहून चांगलं म्हणजे खोलीतली लाइट थोडी मंद करून दिव्याचा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि हळू चालवून तीन वेळा मोजा. तिन्ही वेळा तोच आकडा आला पाहिजे.

इन्स्पिरॉन, व्होस्ट्रो आणि लॅटिट्यूडच्या बऱ्याच मॉडेलांत नेहमी भेटणारे कोड असे आहेत :

- २-१ : प्रोसेसरचा बिघाड
- २-२ : बायोस खराब झाली आहे
- २-३ : रॅम सापडत नाही
- २-४ : रॅम बिघडली आहे
- २-५ : बसवलेली रॅम या मशीनला चालत नाही
- २-६ : मदरबोर्ड किंवा चिपसेटचा बिघाड
- २-७ : डिस्प्लेचा बिघाड
- ३-१ : घड्याळाच्या छोट्या सेलची अडचण
- ३-५ : बोर्डवरच्या वीजपुरवठ्याचा बिघाड

या यादीत मोठ्या बॅटरीचा बिघाड कुठेही नाही हे नीट बघा. मॉडेलनुसार थोडा फरक पडतो, म्हणून लॅपटॉपच्या तळाशी असलेला सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग डेलच्या सपोर्ट पानावर टाकून आपल्याच मॉडेलचं मॅन्युअल उघडा आणि त्यातली यादी बघा.

२-३ : शेवटपर्यंत करून बघू

नारिंगी दोन, पांढरे तीन. रॅमचा पाटा सैल झाला आहे, त्याच्या संपर्कावर मळ आहे, किंवा पाटा वा स्लॉट खराब आहे. लॅपटॉप पडल्यावर, बॅगेत आपटल्यावर किंवा नुकतीच रॅम वाढवल्यावर हा कोड जास्त दिसतो. समुद्राकाठच्या दमट हवेत, खास करून पावसाळ्यानंतर, संपर्कावरच्या मळानेही येतो.

आधी वॉरंटी चालू आहे का ते बघा. असेल तर न उघडता कंपनीला कळवा. काही बारीक लॅपटॉपांत, उदाहरणार्थ एक्सपीएस १३ मध्ये, रॅम बोर्डवरच झाळलेली असते, तिथेही उघडून उपयोग नाही. बाकीच्यांसाठी पुढचा क्रम.

१. अडॅप्टर काढा. पॉवरचं बटण २० सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. अडॅप्टर लावून एकदा सुरू करून बघा. क्वचित एवढ्यानेच काम होतं. झालं नाही तर अडॅप्टर पुन्हा काढा.

२. लॅपटॉप मऊ कापडावर पालथा ठेवा. फुलीच्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरने तळाचे स्क्रू काढा. त्यांची लांबी वेगवेगळी असते. कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरच्या बाजूला कीबोर्ड फुगतो. काही स्क्रू सैल होतात पण निघत नाहीत, ते तसेच असतात.

३. कव्हरच्या फटीत जुनं प्लास्टिकचं एटीएम कार्ड सरकवून कडा सोडवत जा. धातूचं अवजार घालू नका. कव्हर निघालं की सगळ्यात आधी बॅटरीची बोर्डला जोडलेली पिन सोडवा, तार न ओढता प्लास्टिकचा भाग धरून. ही पायरी गाळली आणि रॅम काढताना स्क्रू आत पडला, तर किरकोळ दुरुस्तीचा मोठा खर्च होतो.

४. रॅमच्या पाट्याला दोन्ही बाजूंनी धातूच्या चिमट्या असतात. त्या बाहेरच्या बाजूला दाबल्या की पाटा स्प्रिंगसारखा तिरका वर येतो. त्याच कोनात ओढून बाहेर काढा. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.

५. लिंट न सुटणाऱ्या कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सोनेरी पट्ट्या एकाच दिशेने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. दुकानांत खोडरबराने घासायची सवय आहे. त्याचे कण स्लॉटमध्ये पडतात आणि सोन्याचा पातळ थर झिजतो, म्हणून अल्कोहोलच बरं.

६. पाट्यावरची खाच स्लॉटच्या खुणेशी जुळवा, साधारण ३० अंशांत तिरका घालून शेवटपर्यंत ढकला. सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या पाहिजेत. मगच खाली दाबा, दोन्ही चिमट्या टक करून बसतील. पट्ट्यांची जाड रेघ दिसत असताना खाली दाबला तर चिमट्या बसतात, पण संपर्क होत नाही आणि तोच २-३ पुन्हा येतो. "रॅम काढून लावली तरी काही झालं नाही" या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं.

७. बॅटरीची पिन जोडा, कव्हर नुसतं टेकवा, अडॅप्टर लावा आणि सुरू करा. रॅम बदलल्यावर पहिल्या वेळी मशीन तिची ओळख करून घेतं, त्यामुळे काही काळ स्क्रीन काळी राहू शकते. कोड दिसत नसेल तर लगेच बंद न करता काही मिनिटं थांबा.

दोन पाटे असतील आणि कोड गेला नाही, तर एकाच पाट्यावर सुरू करून बघा, मग तोच पाटा दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरा पाटा दोन्ही स्लॉटमध्ये. दर वेळी अडॅप्टर आणि बॅटरीची पिन आधी सोडवायची. एक पाटा कुठेही चालत नाही तर तो पाटा खराब. दोन्ही पाटे एकाच स्लॉटमध्ये चालत नाहीत तर तो स्लॉट खराब. दुसऱ्या स्लॉटवर लॅपटॉप वापरत राहता येतो. या तपासात कोड २-३ वरून २-४ झाला तर तीही प्रगतीच : आता पाटा सापडतोय, पण तो बिघडलेला आहे. बाजारातून आणलेल्या नव्या पाट्यावर २-५ आला तर पाटा चांगला असेल, पण या मॉडेलला चालणारा नाही. तो बदलून घ्या.

इतर कोडांवर घरी काय करता येतं

२-२ आला तर बायोस परत बसवण्याचा एक मार्ग अनेक नव्या मॉडेलांत आहे. लॅपटॉप बंद, अडॅप्टर काढलेला. `Ctrl` आणि `Esc` दोन्ही दाबून धरा आणि तसेच धरून अडॅप्टर लावा. बायोस रिकव्हरीची स्क्रीन दिसली की बोटं सोडा आणि तिथल्या सूचना पाळा. हे काम चालू असताना लाइट जाण्याची शक्यता असेल तर थांबा; बॅटरीतही पुरेसा चार्ज हवा.

३-१ मध्ये घड्याळाचा नाण्याएवढा सेल बदलला की बहुधा काम होतं. काही नव्या मॉडेलांत असा वेगळा सेल नसतो, म्हणून विकत आणण्याआधी मॅन्युअल बघा.

२-१, २-६ आणि ३-५ या कोडांवर घरी करण्यासारखं काही नाही. लॅपटॉप पूर्ण निपचित असेल आणि कोडही येत नसेल, तर अडॅप्टर लावून `M` की आणि पॉवर बटण एकत्र दाबून धरा. ही बोर्डाची स्वतःची चाचणी अलीकडच्या बऱ्याच डेल लॅपटॉपांत आहे. बॅटरीचा दिवा स्थिर नारिंगी झाला तर बोर्डात दोष आहे.

दुरुस्तीला नेताना "लाइट ब्लिंक होतेय" एवढंच सांगू नका. कागदावर चार गोष्टी लिहून न्या : कोड आणि त्याचा व्हिडिओ, पिन लावल्यावर अडॅप्टरचा दिवा विझतो की राहतो, बायोस उघडत असेल तर `AC Adapter` समोर काय लिहिलं आहे, आणि सर्व्हिस टॅग. २-३ असेल तर कोणता पाटा कोणत्या स्लॉटमध्ये चालला नाही तेही लिहा. एवढं ऐकूनही समोरचा न उघडताच "बॅटरी बदलावी लागेल" म्हणाला, तर लॅपटॉप परत घेऊन दुसरीकडे दाखवा.